शून्य टक्के व्याज, मग हे 3,000 कसले?

फ्रिज घ्यायला गेलेल्या माणसाने ‘सगळे मिळून माझे किती पैसे जाणार?’ असे विचारले, तर त्याला एक आकडा सांगायला दुकानदाराच्या जिवावर का यावे, हे मला समजत नाही आणि त्याचा मला मनस्वी संताप येतो. मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा ‘शून्य टक्के व्याज’ एवढेच ऐकले. शेवटी त्यांच्याच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी स्वतः हिशेब मांडला.

फ्रिजची छापील किंमत 36,000. नो-कॉस्ट योजनेत 3,000 चे 12 हप्ते आणि पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 600 प्रक्रिया शुल्क, म्हणजे एकूण 36,600. इथवर ठीक होते. पण रोखीने घेणाऱ्याला किंवा व्याजाचे हप्ते घेणाऱ्याला तोच फ्रिज 33,000 ला मिळत होता आणि नो-कॉस्ट निवडली की ही 3,000 ची सूट रद्द होत होती. ही गोष्ट कोणीही आपणहून सांगितली नाही, मला ती खोदून खोदून विचारून काढावी लागली. सोडून द्यावी लागणारी सूट हेच जर व्याज असेल, तर त्याला व्याज म्हणायची लाज का वाटावी?

दुसऱ्या योजनेत 33,000 वर वार्षिक 14 टक्के व्याज होते, तेही घटत्या शिलकीवर, म्हणजे जेवढे मुद्दल फिटेल तेवढ्यावरचे व्याज थांबते. हप्ता येत होता 2,963 चा. बारा हप्त्यांचे 35,556 आणि तेच 600 शुल्क धरून एकूण 36,156. ज्या योजनेचे नाव ऐकूनच माणूस बिचकतो, ती 444 ने स्वस्त निघाली!

व्याजाची योजना नेहमीच स्वस्त पडते, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. सूट नसतीच, तर नो-कॉस्ट निर्विवाद स्वस्त होती. शिवाय तेच 14 टक्के ‘फ्लॅट’ असते, तर मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 33,000 वरच लागले असते, त्याचे 4,620 झाले असते आणि शुल्कासह एकूण रक्कम 38,220 वर गेली असती. दर तोच, आणि फरक दोन हजारांहून जास्त! म्हणूनच नुसत्या टक्क्यांवरून काहीच कळत नाही. हप्त्याची नेमकी रक्कम, हप्त्यांची संख्या, शुल्क आणि हातची गेलेली सूट एवढे लेखी मिळाले, तर शाळकरी मूलही ही बेरीज करील.

ते लेखी द्या म्हटल्यावर त्या गृहस्थांनी माझ्यापुढे पुन्हा तेच पत्रक सरकवले आणि त्यावरच्या तळहाताएवढ्या शून्यावर बोट ठेवले.