भिशीला नाही म्हणायचं, पण मामीला वाईट वाटू द्यायचं नाही

"भिशीत येतोस का?" असं कोणी कधी विचारत नाही. विचारलं असतं तर नाही म्हणायला जागा तरी मिळाली असती. मामीचा फोन येतो, आधी तब्येत, मग पोरांच्या शाळा, मग गावाकडचा पाऊस, मग आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आणि फोन ठेवता ठेवता "बरं ऐक, तुझं नाव धरलंय हं, बारा जणं झाली, एक तारखेपासून चालू." झालं. म्हणजे तुम्ही भिशीत आहातच, आता बाहेर पडायचं तर कारण द्या. आणि कारण काहीही दिलंत तरी त्याचा अर्थ एकच, भाच्याचा मामीवर विश्वास नाही.

घाबरू नका, उपाय भरपूर आहेत. पहिला आणि सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे अडचण सांगणे. "मामी, या महिन्यात जरा टाइट आहे, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता..." असं म्हणा आणि फोनवर दोन सेकंद शांतता झाली की खुश व्हा. ती शांतता म्हणजे मामी मार्ग शोधतायत. "मग तू अर्धा नंबर घे की, अडीच हजारच भर, बाकीचा अर्धा पिंकीच्या सासूबाई घेतायत." आता तुम्ही भिशीत आहात आणि वर पिंकीच्या सासूबाई तुमच्या पार्टनर आहेत. किंवा मामी म्हणतील, "अरे टाइट आहे म्हणूनच तर भिशी, दुसरा नंबर तुलाच देते, हप्ते फेडून टाक." कुठलंही कारण द्या, मामींच्या दृष्टीने ती सोडवायची अडचण असते. आणि मामींनी आयुष्यात याहून मोठ्या अडचणी सोडवल्यात.

बायकोवर ढकलायचा उपायही छान आहे. "हिला विचारून सांगतो" म्हणा. मामींनी हिला आधीच विचारलेलं असतं, हिने "ह्यांना विचारा" सांगितलेलं असतं, आणि मामींच्या वहीत याचा अर्थ दोघांचा होकार असा लिहिलाय.

ज्यांना जास्तच शिकल्यासारखं वाटतं त्यांनी हिशेब मांडावा. मामीकडे जाऊन चहा घेत घेत मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा आणि समजावून सांगा. बारा जणं, महिन्याला ५०००, दर महिन्याला ६०,००० जमतात आणि एकजण उचलतो. पहिला नंबर चालवणाऱ्याचा, ही रीतच आहे, म्हणजे मामींचा. मामी पहिल्याच महिन्यात ५००० भरून ६०,००० घेणार, थोडक्यात बाकी अकरा जणांचे ५५,००० त्यांना मिळाले आणि ते त्या अकरा महिन्यांत फेडणार, व्याज शून्य. शेवटचा नंबर ज्याचा त्याने वर्षभर ५००० भरले आणि त्याला मिळाले बरोब्बर ६०,०००, एक रुपया जास्त नाही. तेच पैसे त्याने साडेसहा टक्क्यांच्या आरडीत टाकले असते तर साधारण २१०० रुपये वर मिळाले असते. म्हणजे ही पहिल्यांना कर्ज आहे, शेवटच्यांना बचत आहे आणि शेवटचा माणूस वर्षभर सगळ्यांना फुकट उसने देत बसतो. सगळं बरोबर आहे, गणितात एक चूक नाही. मामी शांतपणे कप खाली ठेवतील आणि म्हणतील, "म्हणजे मी तुमच्याकडून फुकट कर्ज घेते, असं म्हणायचंय का तुला?" याचं उत्तर कॅल्क्युलेटरवर येत नाही.

खरं तर मामींचंही चुकत नाही. बऱ्याच घरांत फ्रिज, क्लासची फी, लग्नातलं मंगळसूत्र हे सगळं भिशीवरच झालंय, बँकेने दारात उभं केलं नसतं अशा बायकांनी एकमेकींना उभं केलंय. आणि आरडी मोडता येते, भिशी मोडता येत नाही, मोडली तर गल्लीत तोंड दाखवायचं कसं, म्हणून पैसे साठतात. हे मान्य आहे. पण तरी मला नाही यायचं, हे सांगायला मराठीत सोय नाही.

कायद्याचा उपाय करणारेही महाभाग आहेत. मामीच्या हॉलमध्ये बसून सांगा की १९८२ चा चिट फंड कायदा आहे, चिट चालवायची तर राज्य सरकारची आधी परवानगी लागते, चालवणाऱ्याला फोरमन म्हणतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर फोरमनला जास्तीत जास्त ७ टक्के कमिशन घेता येतं आणि भिशी चालू करण्याआधी त्याला भिशीच्या रकमेएवढी ठेव तारण म्हणून ठेवावी लागते. मामी एवढंच विचारतील, "म्हणजे मी कमिशन खाते?" नाही खात, उलट नाश्त्याचे वडे स्वतःच्या खर्चाने तळतात. यानंतर दिवाळीच्या फराळाचा डबा येईल, पण त्यात चकल्या नसतील.

ऑफिसची भिशी असेल तर अजून मजा. तिथे चिठ्ठी नसते, लिलाव असतो. समजा तेच बारा जणं, तेच ६०,०००. ज्याला सगळ्यात जास्त गरज तो सगळ्यात जास्त सोडतो, एकाने ९६०० सोडले तर त्याला ५०,४०० मिळाले, सुटलेले ९६०० बाराजणांत वाटले, डोक्यावर ८०० आले, म्हणून त्या महिन्यात सगळ्यांनी ४२०० च भरायचे. बाकीचे खुश, ८०० सुटले म्हणून. कोणी कितीची बोली लावली त्यावरून कोणाच्या घरी काय चाललंय ते अख्ख्या अकाउंट्सला कळतं, हा फायदा वेगळाच. इथे नाही म्हणायचं तर भिशी चालवणारे साहेब आणि तुमची रजा मंजूर करणारे साहेब एकच आहेत का हे आधी बघून घ्या, बाकी उपाय तेच.

आता ज्याची भीती आहे पण नाव काढायचं नाही त्याबद्दल. भिशी फुटते ती बहुतेक वेळा कोणी चोर आहे म्हणून नाही. दुसऱ्या महिन्यात उचललेल्याची पाचव्या महिन्यात बदली होते, किंवा नोकरी जाते, किंवा घरी आजारपण निघतं आणि उरलेले हप्ते यायचे बंद होतात. उचललंय त्याला घाई नसते आणि ज्यांचा नंबर अजून यायचाय ते चालवणाऱ्याच्या दारात. कागद नाही, सही नाही, आहे ती मामींची वही, त्यात पेन्सिलीने टिक. लक्षणं आधीच दिसतात, पैसे दहा तारखेच्या पुढे सरकायला लागतात, "या महिन्यात जरा ॲडजस्ट कर" असे फोन येतात, एकाच घरातले तीन नंबर निघतात आणि सगळ्यात पक्कं लक्षण म्हणजे जुनी भिशी सुटायच्या आधीच नवी चालू होते, जुनीचं भोक नवीच्या पैशांनी बुजवायला. हे सगळं तुम्हाला माहीत आहे हे मामीला कळू देऊ नका. नुसतं "कोण कोण आहे गं मामी भिशीत?" एवढंच विचारा आणि बघा. ती नावं सांगणार, तुम्ही नावं ऐकून नाही म्हणणार आणि रात्रीपर्यंत त्या अकराही जणांना कळणार की कोणाचं नाव ऐकून नाही म्हटलंत. प्रत्येकाला आपलंच वाटणार.

म्हणून नावं विचारायची नाहीत, हप्ता किती तेही विचारायचं नाही, माहिती घेतली की नकार माणसांना लागतो. "नाव धरलंय" हे शब्द पूर्ण व्हायच्या आत "मामी, मी कुठल्याच भिशीत नसतो गं" एवढंच बोलायचं आणि थांबायचं. "कारण" हा शब्द तोंडातून निघाला की संपलं. "यावेळी नको" असंही म्हणू नका, मामी ते "पुढच्या वेळी नक्की" असं लिहून ठेवतात आणि वर्षाने पहिला फोन तुम्हालाच. आणि मग कुठल्याच भिशीत म्हणजे कुठल्याच, ऑफिसच्या भिशीत गुपचूप गेलात आणि भिशी लागली म्हणून पार्टीचा फोटो स्टेटसला पडला की खेळ खल्लास, मामी तुमचे स्टेटस टाकल्यापासून चौथ्या मिनिटाला बघतात.

आणि हे लवकर सांगा, यादी होत असताना, एकतीस तारखेच्या रात्री नाही. मामी मागे लागतात त्याला कारण आहे. बारावा नंबर रिकामा राहिला तर तो त्यांनाच घ्यावा लागतो, म्हणजे महिन्याला पाचाऐवजी दहा हजार, नाहीतर अकराजणांत ५५,००० ची भिशी करायची आणि ज्यांनी ६०,००० धरून कॉलेजच्या फीचं ठरवलंय त्यांना तोंड द्यायचं. त्यांचा राग तुमच्या अविश्वासाचा कमी आणि त्या दहा हजारांचा जास्त असतो, पण ते त्या बोलणार नाहीत.

वाईट वाटलं म्हणून बदली माणूस मात्र देऊ नका. "माझ्याऐवजी माझा मित्र येईल" हे ऐकायला फार गोड वाटतं, पण भिशीत माणूस आणणारा त्याचा जामीन असतो, हे कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं. मित्राने सातव्या महिन्यात फोन उचलला नाही तर मामींचा फोन तुम्हाला, आणि तुम्ही न घेतलेल्या भिशीचे हप्ते भरत बसणार. "कधी गरज लागली तर सांग हं मामी" हेही तोंडात येईल, गिळून टाका. गरज त्याच आठवड्यात लागते.

एवढं सगळं नीट जमलं, मामीने "बरं बाई, त्याचं तसंच आहे" असं म्हणून वहीतलं नाव खोडलं, की तुम्ही सुटलात असं समजू नका. भिशीत नसलेला घरातला एकमेव माणूस म्हणजे निःपक्षपाती माणूस. आता दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी सातला मामीकडे हजर व्हायचं आणि स्टीलच्या डब्यातली चिठ्ठी तुम्हीच उचलायची. पिंकीच्या सासूबाईंचा नंबर चौथ्या महिन्यापर्यंत लागला नाही तर त्या तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यापेक्षा अर्धा नंबर परवडला असता.