गंगीचा पान्हा आणि माझा शर्ट

चि. भाचेबुवांस मामाचे अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून कोलशेतचा गोठा तुझ्या हवाली. शेठ म्हणाले, "जनावरांचं सगळं लिहून ठेवा." एकतीस वर्षांत मी लिहिलं ते फक्त उधारीच्या वहीत. तरी बसलो. पहिलं पान काशी म्हशीने खाल्लं. हे दुसरं.

पहाटे अडीचला उठायचं. शेण काढ, कास कोमट पाण्याने धू, कोरड्या फडक्याने पूस आणि तीनला धारेला बस. साडेपाचला दूध टॉवरमध्ये पोचलं नाही तर बाराव्या मजल्यावरच्या आजी स्वतः खाली येतात. दुपारी तीनला पुन्हा तेच. मधल्या वेळेत म्हशींवर पाणी मारायचं. काळी कातडी आणि घाम जवळजवळ नाही, मे महिन्यात नुसत्या धापा टाकतात. आता डुंबायला तळं कुठे राहिलंय? पाईप आहे, तेवढा सांभाळ.

काशीचा माज मुका. गाय हंबरून गाव जागं करते, काशी हूं की चूं करत नाही. दूध एकदम कमी झालं, सारखी लघवी करायला लागली, तर शेपटीखाली बघ. काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट दिसला की समज. सकाळी दिसला तर संध्याकाळी डॉक्टरला रेतनाला बोलाव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मी एकदा झोपून राहिलो आणि तीन आठवडे वाया गेले. शेठ बोलले ते इथे लिहीत नाही.

ठकीला दगडी धरते, तीही मागच्या उजव्या सडाला. म्हणून तिच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढ. दह्यासारख्या कण्या दिसल्या किंवा सड गरम आणि टणक लागलं, तर तिची धार सगळ्यांत शेवटी काढ, ते दूध वेगळं ठेव आणि डॉक्टरला फोन कर. औषध चालू असताना डॉक्टर सांगेल तितके दिवस ते दूध विकायचं नाही, शेठने डोळे वटारले तरी. धार झाली की सडाचं तोंड अर्धा तास तरी पुरतं मिटत नाही आणि ठकीला नेमकं तेव्हाच शेणात बसायचं असतं. त्यामुळे धार संपताच गव्हाणीत हिरवी वैरण टाक. खाण्यापुढे तिला बसायचं सुचत नाही. ह्या बाबतीत ती तुझ्या मामीच्या भावावर गेलीय, म्हणजे तुझ्या बापावर.

आता गंगी. खरी परीक्षा हीच.

तिचं रेडकू पंधराव्या दिवशी गेलं. म्हशीच्या कासेत खाली सडाजवळ थोडंच दूध असतं, बाकीचं वर अडकलेलं. रेडकाने ढुशी दिली, मन निवांत झालं, की पान्हा सुटतो आणि ते खाली उतरतं. मग पाच-सहा मिनिटं तुझी. तेवढ्यात हात चालला पाहिजे. म्हैस बिचकली की पान्हा चोरते, मग कितीही ओढ, सडं सोलतील पण दूध येणार नाही. मागे शेजारच्या लग्नात पहाटेपर्यंत फटाके चालले होते. सात लिटरची गंगी, त्या दिवशी अर्ध्या लिटरवर थांबली.

कुणी म्हणेल सुई टोचा. दूध काढायला अपायकारक सुई टोचणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि सवय लागली की जनावर सुईशिवाय पान्हा सोडत नाही.

गंगीला सवय लावायची ती वेगळी. आधी चरवी दोनदा वाजवायची, मग आंबोण पुढे ठेवायचं, मग कास हळूहळू चोळायची. क्रम चुकवू नकोस. चरवीचा आवाज ऐकूनच तिची सडं फुगायला लागतात.

आणि शर्ट. माझा तो हिरवा, खिशाला भोक असलेला. गेल्या दिवाळीला मी नवा पांढरा घालून बसलो. गंगीने एकदा वास घेतला, शेपूट माझ्या तोंडावर मारली आणि चरवी लाथेने नालीत. दुसऱ्या दिवशी हिरवा घालून गेलो, तर तो मामीने धुतलेला, वर सुगंधी पाण्यातून काढलेला. दोन दिवस टॉवरला दूध कमी. आजी म्हणाल्या, "म्हैस आजारी आहे का?" काय सांगणार, शर्ट धुतला म्हणून? शेवटी तिच्याच मानेवर तो शर्ट तासभर घासला, तेव्हा बाईसाहेब पाघळल्या.

शर्ट आतल्या खुंटीवर ठेवलाय. पहिले आठ दिवस तोच घाल, जमलं तर त्यातच झोप, म्हणजे तुझाही वास त्यात मिसळेल. तुझ्या पोटावर बटणं लागणार नाहीत, खालची दोन सोड. गंगी तेवढं बघत नाही. मामी रविवारी कपडे न्यायला येईल, त्याआधी तो पेंडीच्या पोत्यामागे लपव.

तुझा,
मामा