पेसमेकर आणि बदललेला गुडघा : तपासणीत काय सांगावं

"आईला पेसमेकर आहे, गुडघाही बदललाय. गोव्याच्या मोपा विमानतळावर तपासणीत काय सांगायचं?"

धातू शोधणाऱ्या चौकटीत पाऊल टाकण्याआधीच सांगा: "छातीत डाव्या बाजूला पेसमेकर आहे, उजव्या गुडघ्यात धातू आहे, कृपया हाताने तपासा." (बाजू आईच्या असतील त्या सांगा.) पेसमेकरचं कार्ड पर्समध्ये न ठेवता हातात असू द्या, कारण पर्स तोवर एक्स-रे मशिनीत गेलेली असते. कार्डामुळे तपासणी टळत नाही, फक्त ती कशी करायची हे ठरतं.

चौकटीतून नेहमीच्या चालीने जायला हरकत नसते. तिथे थांबू नये, टेकू नये. खरी काळजी हातातल्या डिटेक्टरची. तो छातीवर धरून ठेवला किंवा पुन्हापुन्हा फिरवला तर त्याच्या चुंबकीय क्षेत्राला पेसमेकर हृदयाचा ठोका समजू शकतो आणि तेवढ्यापुरता स्वतःचा ठोका रोखू शकतो. चक्कर आली तर लगेच बाजूला व्हावं. दूर गेल्यावर पेसमेकर सहसा पूर्ववत चालतो.

गुडघ्यावर आवाज आला तर घाबरायचं कारण नाही, तिथे धोका काहीच नाही. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात. जाड पाटल्या मात्र घरीच उतरवा. आवाज नेमका कशाचा, हे शोधायला डिटेक्टर उगाच जास्त वेळ फिरतो.