एम १२ चा बोल्ट १२.०० का भरत नाही, आणि भरायलाही नको

"बंधूंनो सावधान! एम १२ चा बोल्ट घेताना व्हर्नियर लावा. पूर्ण १२.०० भरला तरच असली. ११.९, ११.८ भरला तर समजा लोखंड चोरलं. ६जी हा हलक्या मालाचा शिक्का आहे. नट हलला की बोल्ट नकली. बाहेरचा व्यास बरोबर तर आटे बरोबर, बाकी काही पाहायची गरज नाही. सर्व शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा."

तीन ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. मग आमच्या शेजारच्याने दुकानातून आणलेली चांगली बोल्टची पुडी ११.८८ भरते म्हणून परत केली, तेव्हाही गप्प बसलो. पण मागच्या आठवड्यात तो मेसेज माझ्या भाच्याच्या लेथवर पोहोचला आणि त्याने त्यावर भरवसा ठेवून ट्रॅक्टरमागच्या पंजीच्या दात्यांचे आठ बोल्ट बनवले. त्यातल्या एकाचे आटे पहिल्याच दिवशी नटासोबत सोलून निघाले. आता गप्प बसणं शक्य नाही. मी बावीस वर्षं टर्नर म्हणून काम केलं आहे, त्यातली बरीचशी आटे मोजण्यात गेली.

आधी १२.०० चा हट्ट. एम १२ मधला १२ हा मिलिमीटरमधला नाममात्र व्यास आहे. नट आणि बोल्ट दोघांचं माप ज्या रेषेपासून धरायचं, ती रेषा. बोल्ट नेमका त्या रेषेवर बसवायचा नसतो. आयएसओ ९६५ या मानकाच्या दुसऱ्या भागात तयार तक्ता आहे. एम १२, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.७५, ६जी या ओळीत बाहेरचा व्यास, म्हणजे मेजर डायमीटर, जास्तीत जास्त ११.९६६ आणि कमीत कमी ११.७०१ दिला आहे. १२.०० त्या खिडकीच्या बाहेर आहे. म्हणजे मेसेज ज्याला असली म्हणतो, तो बोल्ट ६जी च्या तपासणीत नापास होतो, आणि शेजाऱ्याने परत केलेला ११.८८ चा बोल्ट या मापात पास होतो.

वरचे ३४ मायक्रॉन, म्हणजे ०.०३४ मिलिमीटर, का सोडले, याचं उत्तर जी या अक्षरात आहे. लहान लिपीतलं अक्षर बोल्टचं आणि मोठ्या लिपीतलं नटाचं. एच असेल तर माप मूळ रेषेपासून सुरू होतं, लहान जी असेल तर रेषेच्या थोडं खालून. किती खालून, ते फक्त पिचवर ठरतं: पिचला ११ ने गुणा, १५ मिळवा, उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. १.७५ साठी ३४.२५ येतात, तक्ता ३४ धरतो. ही जागा लोखंड वाचवायला ठेवलेली नाही. धूळ, तेल, हाताने नट फिरवता येणं, आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे झिंकचा मुलामा. आट्याच्या उतारावर मुलामा चढला की पिच डायमीटर, म्हणजे उतारांच्या मधल्या जागी धरलेला व्यास, त्या जाडीच्या चौपट वाढतो, कारण दोन उतारांमधला कोन ६० अंशांचा आहे. ८ मायक्रॉनचा मुलामा पिच डायमीटरवर ३२ मायक्रॉन खातो. ती जागा नसती तर वरच्या मर्यादेवरच्या बोल्टला मुलामा दिल्यावर घट्ट मापाचा नट हाताने चढलाच नसता. ६ हा आकडा खिडकीची रुंदी सांगतो, मालाची ताकद नाही. ताकदीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा वेगळा ठोकलेला असतो. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून "हलक्या मालाचा शिक्का" यावर जास्त बोलत नाही.

आता शेवटचं वाक्य: बाहेरचा व्यास बरोबर तर आटे बरोबर. नुकसान या वाक्याने केलं, म्हणून इथे जरा थांबतो.

नट बोल्टला धरतो तो आट्यांच्या उतारांवर. शेंड्यांवर नाही. उतारांची जागा सांगणारं माप म्हणजे पिच डायमीटर. बोल्टभोवती अशी एक काल्पनिक नळी धरा, जिच्यावर आट्याची जाडी आणि मधल्या खाचेची रुंदी सारखी होते. त्या नळीचा व्यास तो पिच डायमीटर. एम १२ ला तो मूळ १०.८६३ आहे. ६जी मध्ये जास्तीत जास्त १०.८२९, कमीत कमी १०.६७९. म्हणजे सगळी मिळून ०.१५० ची खिडकी. लेथवर बाहेरचा व्यास एक टूल ठरवतं आणि पिच डायमीटर आटे पाडताना दुसरं टूल किती खोल गेलं ते ठरवतं. ही दोन वेगळी कामं आहेत. एक बरोबर झालं म्हणून दुसरं आपोआप बरोबर होत नाही.

भाच्याकडे नेमकं काय झालं ते सांगतो. त्याने सळई टर्न करून बरोबर १२.०० ला आणली. आटे पाडताना शेंड्यांवर बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, उठतो, तसा उठला. मी नंतर मोजलं तर न घासलेल्या एका बोल्टवर शेंड्यांपाशी १२.०६ भरत होते. नटाच्या आतल्या खाचेचा तळ कमीत कमी १२.०० चा असतो. मग १२.०६ चा शेंडा त्यात कसा जाईल? तो म्हणाला, "मामा, बारा बरोब्बर आहे, तरी नट जाऊनच नाही राहिला. मले वाटलं आटे उथळ हायेत." म्हणून त्याने टूल अजून आत घेतलं. नट अडकला होता शेंड्यावर, आणि कापले जात होते उतार. त्याने पुन्हा आत घेतलं. शेवटी शेंड्यांवर कानस फिरवली, बर गेला, नट सरकन चढला. व्हर्नियरवर ११.८० भरलं. थोडं कमी वाटलं, पण नट चढला म्हणून त्याने बोल्ट देऊन टाकले.

ते मी तीन तारांवर मोजले. १.०० मिलिमीटरच्या तीन सारख्या तारा घ्यायच्या, एका बाजूला शेजारच्या दोन खाचांत दोन, समोर एक, आणि त्यांवर मायक्रोमीटर हलकेच लावायचा. एम १२ च्या १.७५ पिचला या तारांसाठी वाचनातून १.४८४ वजा केले की पिच डायमीटर मिळतो. तारा १.०० च्या नसतील तर हा आकडा बदलतो, म्हणून आधी तारच मायक्रोमीटरने मोजा. वाचन १२.१६३ ते १२.३१३ च्या मध्ये यायला हवं होतं. आलं १२.०४. वजाबाकी करून १०.५५६. कमीत कमी मर्यादेपेक्षाही ०.१२३ ने कमी.

हे ०.१२३ म्हणजे किती, ते आट्याच्या जाडीत बघा. मूळ पिच डायमीटरच्या जागी आटा ०.८७५ जाड असतो. ६जी ची खालची मर्यादा गाठली तरी ०.७७ उरतो. या बोल्टवर ०.७० च उरला होता, वर शेंडाही कानसीने खाल्लेला. ज्या जाडीवर सगळा ओढा यायचा, तिचा पाचवा हिस्सा गेला. पंजी खडकाळ जागी अडली आणि आटे निघून आले. लोखंड ठीक होतं, सळईही चांगली होती. बाहेरचा व्यास ११.८०, म्हणजे ११.७०१ ते ११.९६६ च्या आत. व्हर्नियरवाल्या मेसेजच्या शेवटच्या वाक्याप्रमाणे हा बोल्ट पास ठरला असता.

नट चढत नसेल तर अडतो कुठे, हे टूल आत घेण्याआधी बघता येतं. आट्यांना मार्करची शाई लावा, नट जितका जाईल तितका फिरवून काढा. शेंड्यावर चमक आली तर बाहेरचा व्यास जास्त आहे, तो कमी करा. उतारांवर चमक आली तरच टूल आत घ्या, आणि थोडंथोडं घ्या, कारण टूल ०.०१ आत गेलं की पिच डायमीटर ०.०२ ने उतरतो. रिंग गेज, म्हणजे आटे तपासायच्या दोन रिंगा, असतील तर अजून सोपं. गो रिंग पूर्ण चढली पाहिजे, आणि नो-गो रिंग दोन फेऱ्यांच्या आत थांबली पाहिजे. त्या आठही बोल्टवर नो-गो शेवटपर्यंत गेली.

नट हलतो म्हणजे नकली, याचं उत्तर वरच्याच आकड्यांत आहे. ६एच नटाचा पिच डायमीटर १०.८६३ पासून ११.०६३ पर्यंत चालतो. घट्टातल्या घट्ट जोडीत ३४ मायक्रॉन मोकळी जागा राहते, सैलातल्या सैल जोडीत ०.३८४ मिलिमीटर. दोन्ही जोड्या मानकात बसतात. न आवळलेला नट हाताने हलवून बोल्ट ओळखता येत नाही. खूप हलला तर संशय घ्यावा, पण निकाल तारा किंवा नो-गो रिंगच देतील.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. बाजारात खरोखर कमी मापाचे बोल्ट येतात. ११.५ भरणारा एम १२ मी हातात घेतलेला आहे. ६जी च्या एम १२ वर आट्यांच्या मधल्या भागात, पहिले दोन आटे सोडून, ११.७० च्या खाली भरलं तर तो परत करा, इथे व्हर्नियर पुरेसा आहे. म्हणजे व्हर्नियर बोल्ट नापास करू शकतो. पास करू शकत नाही. आणि बिनआट्याचा दांडा १०.८ च्या आसपास भरला म्हणून ओरडू नका. रोल करून आटे काढताना सळई पिच डायमीटरच्या जवळच्या मापाची घेतात, धातू दाबून शेंडे वर उठतात. काही बोल्ट त्यामुळे दांड्यावर बारीक दिसतात.

भाच्याने परवा नवे बोल्ट केले. सळई ११.८५ वर टर्न केली, बर उठायला जागा सोडून. आटे पाडून बर काढला, मग तारांवर मोजत मोजत १२.२३ वर थांबला, म्हणजे पिच डायमीटर १०.७४६. नट हाताने गेला, थोडा हललाही. जुन्या आठपैकी तीन दोघांच्या पंज्यांना लागलेले होते. ते त्याने पेरणीच्या आधी स्वतः जाऊन काढून आणले.