चिवड्याच्या डब्याचं वजन

स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची एक पद्धत आहे. डबा पोटाशी धरायचा, झाकणाच्या कडेवर बनियनचं टोक टाकायचं, अंगठ्याने हळूहळू एका बाजूने उचलायचं आणि उघडायच्या क्षणी खोकायचं. मी ही कला गेल्या वर्षभरात रात्री साडेअकराच्या सुमाराला, डोंबिवलीतल्या आमच्या किचनमध्ये, लाइट न लावता शिकलो. तरी आतल्या खोलीतून आईचा आवाज यायचाच, "मांजर आलंय का रे?" मी म्हणायचो हो, हाकलतोय. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खिडकीला जाळी आहे.

दिवसा मी डाएटवर होतो हे आधी सांगायला पाहिजे. वजन 86 किलो, पँट बसत नव्हती, ऑफिसमधल्या एकाने सांगितलं संध्याकाळी सातच्या आत जेव आणि एकदम हलकं जेव, बघ कसा उतरतोस. मग काय, सात वाजता दुधी भोपळ्याचं सूप, काकडी आणि एक फुलका. तोही कोरडा. सगळं मिळून दोनशे कॅलरी असतील नसतील. आणि मी स्वतःवर इतका खूश की सूप पिताना चेहऱ्यावर साधुसंतांसारखे भाव यायचे म्हणे, बायको अजून त्याची नक्कल करून दाखवते.

अडीच महिने झाले, काटा हलेना. मी म्हटलं थायरॉइड असेल, हाडं जड असतील, वजनकाट्याचा सेल गेला असेल. बायकोने काही वाद घातला नाही. तिने माझ्या वजनाचा नाद सोडला आणि चिवड्याच्या डब्याचं वजन करायला सुरुवात केली.

केकसाठी आणलेला छोटा किचन काटा होता घरात, त्यावर रोज रात्री दहाला डबा ठेवायचा, सकाळी सहाला परत ठेवायचा, आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर पेनाने आकडा लिहायचा. मला पत्ता नाही, अंधारात पट्टी दिसणार कशी. सात दिवसांनी पट्टी माझ्यासमोर. 540 ग्रॅम चिवडा गेला होता, सगळा रात्री, म्हणजे रोजचे 77 ग्रॅम. आईचा चिवडा पातळ पोह्यांचा असला तरी तेल, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप सढळ हाताने, त्याच्या शंभर ग्रॅमला साडेचारशे ते पाचशे कॅलरी होतात, तेव्हा रोजच्या साधारण पावणेचारशे तिथेच. त्यावर मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा, सव्वादोनशे. शिवाय मी बेसनाचा लाडू अर्धाच खातो, पण दोनदा खातो, तो एक दोनशे. दोनशेचं सूप पिऊन साधू झालेला माणूस साडेअकराला आठशेचा दरोडा घालत होता!

मला वाटलं आता जीभ ताब्यात ठेवण्यावर प्रवचन होणार. ती म्हणाली, "अरे तू अकराला चोर होतोस त्यात काय नवल, तुला सातला उपाशी सोडलंय ना." मला हे आधी पटलं नाही. पण हिशोब बघा. दुपारी एकला डबा, दोन पोळ्या आणि भाजी. मग सातला ते सूप, म्हणजे पाणीच. झोपायला साडेबारा. दुपारनंतर जवळपास बारा तास माणूस दोनशे कॅलरीवर, त्यात भूक मुळात सकाळी कमी आणि संध्याकाळी-रात्री जास्त अशी आपल्या शरीराच्या घड्याळाचीच ठेवण आहे. शिवाय सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री सूप, ह्यात प्रोटीन मोजलं तर दिवसाचं जेमतेम 35 ग्रॅम भरलं. वजन उतरवताना किलोमागे एक-सव्वा ग्रॅम तरी असावं, माझ्यासारख्याला शंभरच्या जवळ. प्रोटीन पोटात जास्त वेळ टिकून राहतं आणि भूक शांत ठेवायला बाकी सगळ्यापेक्षा बरं, हे तिला माहीत होतं. मला फक्त ते पावडरच्या डब्यावर असतं एवढंच माहीत.

मग मी पुरुषासारखा पुरुष, लगेच टोकाला गेलो. दुसऱ्या दिवशी सातला चार उकडलेली अंडी आणि वाडगाभर सॅलड, भाकरी-पोळी शून्य. पोट गच्च. पण साडेदहापासून डोक्यात नुसता गूळ फिरायला लागला. पोट भरलंय नि जीव भरला नाही, हा प्रकार मला नीट सांगता येत नाही पण ज्याने वरण-भातावर आयुष्य काढलंय त्याला कळेल. अकराला गूळ-शेंगदाणे. वर दोन दिवस पोट साफ नाही ते वेगळंच, कारण अंडी वाढवली नि भाकरी-पोळीचा चोथा गेला.

शेवटी जे जमलं ते असं. जेवण सातऐवजी सव्वाआठला. ताटात एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, दोन अख्खी अंडी आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग घालून चमचाभर तेलात केलेली भुर्जी, आणि काकडीची कोशिंबीर भरपूर. भाकरीचे चार, उसळीचे आठ, भुर्जीचे एकोणीस, असे तीसेक ग्रॅम प्रोटीन आणि साडेपाचशे-सहाशे कॅलरी. ज्या वारी अंडी चालत नाहीत त्या वारी पनीर किंवा भिजवलेल्या सोयाबीन वड्यांची भुर्जी, वड्या कोरड्या 30 ग्रॅम घेतल्या तरी पंधरा ग्रॅम प्रोटीन निघतं, फक्त दोन पाण्यांनी घट्ट पिळून घ्यायच्या नाहीतर ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागतात. पहिल्या दिवशी ते ताट बघून मला अपराधी वाटलं, डाएटवाल्याचं हे ताट? पण सूप अधिक दरोडा मिळून हजार होत होते आणि इथे सहाशेवर काम भागतंय.

दुसरी गोष्ट फुटाण्यांची. ऑफिसमधून निघताना साडेपाचला मूठभर फुटाणे, 30 ग्रॅम, शंभर-सव्वाशे कॅलरी, डब्याच्या बॅगेतच ठेवलेले. ह्याचं महत्त्व मला ज्या दिवशी खाल्ले नाहीत त्या दिवशी कळलं. गाड्यांचा गोंधळ, ठाण्याच्या पुढे पाऊण तास उभा, फुटाणे टेबलावर विसरलेले, घरी पावणेदहाला, मग कुठली भाकरी नि कुठली भुर्जी, वरण-भात ओरपला आणि झोपलो. बाराला उठून डब्याशी. सकाळी पट्टीवर 180. एका रात्रीत! दिवसभराची उपासमार रात्री व्याजासकट वसूल होते, ते त्या पट्टीवर काळ्या शाईत आलं.

आता खरी गंमत म्हणजे पोट भरलेलं असूनही दहा वाजले की पाय आपोआप किचनकडे वळायचे. सवय. सोफा, मोबाईल, सिरीज आणि मांडीवर डबा, हे चार एकत्र इतकी वर्षं नांदले की सिरीजचं म्युझिक लागलं तरी तोंडाला पाणी. इथे आई कामाला आली. म्हणाली, भुकेला कोंडा नि निजेला धोंडा, खरी भूक असेल तर उरलेली दुधीची भाजी खा. तीच आमच्या घरातली तपासणी झाली. फ्रिज उघडायचा, दुधीच्या भाजीकडे बघायचं आणि स्वतःला विचारायचं, ही खाशील? हो आलं तर भूक खरी, मग वाटीभर दही किंवा कपभर बिनसाखरेचं दूध घ्यायचं, त्यात लाजायचं काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी ताटात अर्धी भाकरी वाढवायची. नाही आलं तर ती भूक नाही, कंटाळा आहे. दहातल्या आठ वेळा दुधीकडे बघूनच मी फ्रिज बंद केला. त्या भाजीने आयुष्यात पहिल्यांदा माझं काहीतरी भलं केलं.

बाकी संध्याकाळ बदलली ती अशी की जेवण झालं की ओटा पुसून किचनचा लाइट बंद, आणि नऊला दात घासायचे, झोपताना नाही. पेस्टच्या चवीवर चिवडा खाऊन बघितलाय मी, पुदिन्याच्या साबणात मीठ-हळद घातल्यासारखा लागतो. मग पंधरा-वीस मिनिटं खाली सोसायटीत शेजारच्या काकांबरोबर चक्कर, गेटच्या बाहेर नाही, बाहेर कुल्फीची गाडी असते. काकांना मी उत्साहाने माझा सगळा प्लॅन शिकवायला गेलो तर त्यांनी थांबवलं. ते इन्सुलिन घेतात, रात्रीचं खाणं आपल्या मनाने बंद केलं तर साखर खाली जाऊ शकते, आणि किडनीचा त्रास असलेल्याने प्रोटीन डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवायचं नसतं. त्यांचा एक भाचा तर झोपेतून दोन-तीनदा उठून खायचा, खाल्ल्याशिवाय परत झोपच नाही, त्याला डॉक्टरकडेच न्यावं लागलं, तिथे भुर्जीने भागलं नसतं.

आणि झोप अकराला. ह्याला मी सगळ्यात जास्त विरोध केला, कारण रात्रीचा तेवढाच वेळ माझा असतो वगैरे. पण साडेबारापर्यंत जागलं की साडेअकराची भूक गाठणारच, झोपलेल्या माणसाला चिवडा आठवत नाही. वर झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते ते वेगळंच. मोबाईल आता हॉलमध्ये चार्जिंगला लागतो, बेडरूममध्ये माझ्याबरोबर फक्त बायको.

सहा आठवडे झाले. पट्टीवरचा आकडा रोजच्या 77 वरून दहा-पंधरावर आलाय, शनिवार सोडून, शनिवारी वाटीत काढून, टेबलावर बसून, लाइट लावून खातो, 30 ग्रॅम. वजन 86.4 होतं ते 84.8. दीड किलोच, ऑफिसमधला तो सूपवाला हसला. पण रोजच्या तीनशे कॅलरी वाचल्या तर दीड-पावणेदोन किलोच बसतात हिशोबात, आणि अडीच महिने उपास करून शून्य उतरलेल्या माणसाला दीड किलो म्हणजे सण. पँटचं बटण लागतं, बसताना श्वास धरावा लागतो एवढंच.

परवा रात्री साडेअकराच्या सुमाराला जाग आली. किचनमधून बारीक खट्ट असा आवाज, मग एक खोकला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. बाजूला हात लावला तर उशी रिकामी. मी पडल्या पडल्याच विचारलं, "मांजर आलंय का गं?" थोडा वेळ काही नाही. मग अंधारातून, तोंड भरलेलं असताना येतो तसला आवाज आला, "हाकलतेय."

सकाळी डब्यावरच्या पट्टीवर त्या तारखेसमोर काहीच लिहिलेलं नव्हतं.