नदी खारट का होत नाही: कराडच्या वाचकांना उत्तर

«लेख वाचला. शाळेच्या पुस्तकातलं जुनंच दळण. जन्मापासून कृष्णेचं पाणी पितोय, कधी खारट लागलं नाही. नद्याच जर मीठ नेत असतील तर समुद्राआधी नद्या खारट व्हायला नकोत? लेखात एक आकडा नाही, ज्वालामुखीचं नाव नाही, मिठागरांचं काही नाही. आधी स्वतः अभ्यास करावा, मग लोकांना शिकवावं.» – एक वाचक, कराड

नमस्कार. नद्या क्षार वाहून नेतात म्हणून समुद्र खारट होतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली आणि उत्तर सकाळवर ढकललं, कारण शेवटचं वाक्य फार लागलं. शंका विचारणं वेगळं आणि समोरच्याची लायकी काढणं वेगळं. शंका तुम्ही एका ओळीत विचारलीत, बाकी सगळी मलाच बोलणी आहेत. इथं शाळकरी मुलंही येऊन वाचतात. विज्ञानाचा प्रश्न असा हाडतुड करत विचारायचा असतो, हे त्यांनी शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

आकडे नव्हते, ही तक्रार रास्त आहे. लेख मुलांना जड होऊ नये म्हणून मी ते मुद्दाम गाळले होते. आता देतो.

अभ्यासाचं म्हणाल तर माझी नोकरीची सगळी वर्षं माती आणि पाणी तपासण्यात गेली, सांगली जिल्ह्यातल्याच एका प्रयोगशाळेत. शेतकरी बाटलीतून विहिरीचं, बोअरचं, नदीचं पाणी आणायचे आणि ते आटवायचं काम माझ्याकडे असायचं. नदीचं लिटरभर गाळलेलं, काचेसारखं स्वच्छ पाणी चिनीमातीच्या बशीत थोडं थोडं घालून आटवत न्या. शेवटी बशीच्या तळाशी करडट पांढरा पापुद्रा राहतो. कृष्णेचं पाणी घ्या, वारणेचं घ्या, तो राहतोच. त्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. म्हणजे त्यात बराचसा चुना आहे. बोट लावून चाखला तर खडूसारखा लागतो, खारट नाही.

तुमच्या जिभेनं दिलेली साक्ष इथं संपते. जगातल्या नद्यांची सरासरी काढली तर लिटरमागे 120 मिलिग्रॅमच्या आसपास क्षार निघतात. त्यातला निम्मा भाग बायकार्बोनेट, मग कॅल्शियम, सल्फेट, सिलिका. ज्याला आपण मीठ म्हणतो त्यातलं सोडियम फक्त 6 मिलिग्रॅम आणि क्लोराइड 8. दोनशे-अडीचशे मिलिग्रॅमच्या खाली क्लोराइड जिभेला सहसा कळतच नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानं घातलेली स्वीकारार्ह मर्यादाही 250 आहे. तेव्हा साहेब, कधी खारट लागलं नाही याचा अर्थ त्यात मीठ नाही असा होत नाही. जीभ हे मोजमाप नव्हे.

मोजायचंच असेल तर परीक्षानळीत नदीचं पाणी घ्या, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, म्हणजे कार्बोनेटमुळे फसगत होणार नाही, आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाका. पाण्यात हलकी दुधट झाक येते. ते क्लोराइड. समुद्राच्या पाण्याचं हेच केलंत तर फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका तळाशी बसतो. पदार्थ दोन्हीकडे तोच, प्रमाणात अडीच हजार पटींचा फरक.

आता नदी आधी खारट का होत नाही ते. नदीत मीठ साठत नाही, कारण नदीला पुढे वाट आहे. महाबळेश्वरला पडलेला पाऊस वाई, कराड, सांगली करत कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडतो आणि हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळतो. धरणात अडलेलं पाणीही आज ना उद्या पुढे जातंच, आणि जाताना विरघळलेलं सगळं बरोबर घेऊन जातं. मागून पुन्हा पावसाचं नवं पाणी येतं. समुद्रातून पाणी बाहेर पडतं ते जवळजवळ सगळं वाफ होऊन वर, आणि वाफ मीठ उचलत नाही. आत येताना पाणी आणि क्षार, बाहेर जाताना नुसतं पाणी. एवढा एकच फरक आहे.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घराण्याच्या रानात पाहिलंय. वाळवा तालुक्यात आमची काळी जमीन नदीकाठी. उपसा सिंचनाचं पाणी आलं, बारमाही ऊस आला, वडलांनी मोकळं पाणी सोडलं. पाणी कृष्णेचंच, तुम्ही पिता तेच. काळ्या मातीतून निचरा होईना, खालची पातळी वर आली, आणि उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं फुटायला लागलं. आधी कडेच्या चार सऱ्या, मग अर्धा तुकडा. उसाचे शेंडे करपले, मग उगवणच थांबली. त्या मातीचा नमुना मी स्वतः तपासलाय. सगळा क्षार नदीनंच आणला असं मी म्हणत नाही, बराचसा खालच्या थरांतून पाण्याबरोबर वर चढला. पण तो पृष्ठभागावर साठला तो पाणी उडून गेलं आणि त्याला बाहेर काढणारी वाट नव्हती म्हणूनच. नंतर शेजाऱ्यांनी मिळून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले, निचऱ्याचं पाणी ओढ्याला काढून दिलं, तेव्हा दोन-तीन पावसाळ्यांत ती जमीन परत पिकाला आली. माझ्या वडलांनी या गोष्टीसाठी कर्ज फेडलंय. मला यावर अभ्यास करा म्हणून सांगणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं.

शेताचं उदाहरण पटत नसेल तर लोणार बघा. तिथला खडक आपल्यासारखाच बसाल्ट, कडेनं उतरणारे झरे गोडे, त्यांचं पाणी लोक पितात. पण सरोवराला बाहेर जायची वाट नाही, म्हणून ते खारं आणि अल्कधर्मी झालंय.

समुद्राचा हिशोब मोठा आहे, पण रीत तीच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात सोडियम 10.8 ग्रॅम आणि क्लोराइड 19 ग्रॅमच्या वर. जगातल्या नद्या मिळून जेवढं पाणी ओततात त्यानं सगळे समुद्र एकदा भरायला साधारण 36 हजार वर्षं लागतील. एका भरण्यात लिटरमागे 6 मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणजे आजच्या 10.8 ग्रॅमला असं 1800 वेळा भरणं झालं पाहिजे. गुणाकार करा, साडेसहा कोटी वर्षं होतात. समुद्र तर निदान 380 कोटी वर्षांपासून आहेत. तेव्हा नदीतलं अळणी पाणी एवढं मीठ कसं पुरवेल ही शंकाच उरत नाही. वेळ पुरून उरलाय.

नदी आणते चुना जास्त आणि सोडियम कमी, मग समुद्रात उलटं का? हे तुम्ही विचारायला हवं होतं, ते विचारलं नाहीत. नदीत कॅल्शियम सोडियमच्या अडीच पट असतं, समुद्रात सोडियमच्या पंचविसाव्या हिश्शाइतकंही नाही. कारण शिंपले, प्रवाळ आणि तरंगणारे सूक्ष्म जीव ते कॅल्शियम उचलून कवचं बांधतात, मेल्यावर ती तळाशी जातात आणि त्यांचा चुनखडक होतो. वरचाच हिशोब कॅल्शियमला लावला तर ते सरासरी दहा लाख वर्षांतच समुद्राबाहेर पडतं. सोडियम आणि क्लोराइडला असं गिऱ्हाईक नाही. ते कोट्यवधी वर्षं पाण्यातच फिरत राहतात, म्हणून समुद्र चुन्यासारखा न लागता मिठासारखा लागतो.

ज्वालामुखीचं नाव तुम्ही घेतलंत ते योग्य घेतलंत. सोडियम खडकातल्या फेल्डस्पार या खनिजामधून सुटतं, पण बसाल्टमध्ये क्लोरीन नावापुरतंच असतं. समुद्रातलं क्लोराइड मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून वायूंच्या रूपानं बाहेर आलं, तेही फार पूर्वी. मग कृष्णेतलं क्लोराइड कुठलं? बरंचसं अरबी समुद्राचं. लाटा फुटताना उडालेले खारे तुषार वाऱ्याबरोबर चढतात आणि मोसमी पावसातून घाटमाथ्यावर पडतात. महाबळेश्वरपासून कोकणचा किनारा हवाई अंतरानं जवळच आहे. पश्चिमेच्या समुद्राचं थोडं मीठ असं कृष्णा पूर्वेच्या समुद्रात नेऊन टाकते. वरच्या साडेसहा कोटींच्या हिशोबात हे फिरतं मीठ वजा केलेलं नाही. केलं तर काळ आणखी वाढेल, कमी होणार नाही.

यातून पुढचा प्रश्न निघतो, आणि तो विचारणारे माझ्याकडे शांतपणे विचारून गेलेत: मग समुद्र आजच्याहून कितीतरी खारट का नाही? डब्लिनच्या जॉन जोली यांनी 1899 मध्ये याच सोडियमच्या भागाकारानं पृथ्वीचं वय काढलं, 9 कोटी वर्षांच्या आसपास. वय आहे साडेचारशे कोटी. ते चुकले कारण आलेलं सोडियम कायमचं समुद्रात राहतं असं त्यांनी धरलं होतं. ते बाहेरही पडतं: काही तळाच्या चिकणमातीत आणि बसाल्टमध्ये मुरतं, आणि एखादा उथळ समुद्र मुख्य समुद्रापासून तुटून आटला की जाड थरांनी मीठ म्हणून खाली बसतं. उपवासाचं सैंधव वर्षानुवर्षं पाकिस्तानातल्या पंजाबमधून यायचं ना, ते अशाच आटलेल्या समुद्राचं, पन्नास कोटी वर्षांहून जुनं. जोलींच्या हाती आलेला आकडा पृथ्वीच्या वयाचा नव्हता, तो सोडियम समुद्रात सरासरी किती काळ मुक्काम करतं त्याच्या जवळपासचा होता.

मिठागरांचं काय, असंही तुम्ही लिहिलंत. मिठागरात समुद्राचं पाणी उन्हात आटवतात, समुद्र खारट होण्याशी त्याचा संबंध नाही, त्यावर जास्त लिहीत नाही. पुस्तकातलं दळण वगैरे शेऱ्यांनाही उत्तर देत नाही. तुमच्या घराजवळच्या प्रीतिसंगमावरून बाटलीभर पाणी आणि परिसरातल्या एखाद्या बोअरचं बाटलीभर पाणी घेऊन जवळच्या पाणी तपासणी केंद्रात क्लोराइड काढून घ्या, मे महिन्यात एकदा आणि पुराच्या दिवसांत एकदा. आलेले चार आकडे इथं लिहा, मी त्यावर जरूर बोलेन.