दोन नंबरच्या फोटोतलं झाड चिपीच, पण दांडकं कांदळाचं

खाडीतल्या खारफुटीच्या फोटोंची पोस्ट टाकली होती, तिच्यावर आलेली प्रतिक्रिया: "नागपूरला बसून खारफुटीवर लिहिणं सोपं आहे हो. दोन नंबरच्या फोटोत पेन्सिलीसारखी मुळं स्वच्छ दिसतायत, म्हणजे झाड तिवराचं. तुम्ही ठोकून दिलंय चिपी. आणि चिखलात उभं असलेलं हिरवं दांडकं चिपीचं रोप म्हणे! आमच्याकडे शाळेतली पोरं पण सांगतील ते काय आहे. फोटो बघून झाडं ओळखायच्या फंदात पडू नका."

दादा, दांडक्याचं आधी घेतो कारण तिथे मी साफ चुकलो. ते कांदळाचंच. चिपीला असं दांडकं येतच नाही, तिचं फळ गोल चपटं असतं आणि त्यात बारीक बारीक पुष्कळ बिया, फळ कुजून फुटलं की त्या चिखलात पडतात आणि रोप उगवतं ते एवढंसं. तिवराचंही असं नसतं, त्याचं बी आतल्या आत रुजून पडतं आणि साल निघाली की दोन जाड दुमडलेल्या डाळिंब्या दिसतात, मोड आलेल्या वालासारख्या. लांब हिरवा दांडा झाडावरच तयार होतो तो कांदळ आणि त्याच्या भाऊबंदांचा.

मी चुकलो ते का, तर दांडकं बरोबर चिपीच्या खाली उभं होतं, म्हणून मी धरून चाललो की तिचंच पिल्लू. आपल्याकडे कडुनिंबाखाली कडुनिंबाचंच रोप सापडतं ना, डोकं तसंच चाललं. खाडीत हे लागू नाही. सगळीच दांडकी भाल्यासारखी चिखलात रुततात असं नाही, बरीचशी भरतीच्या पाण्यावर आडवी तरंगत जातात, कित्येक आठवडे जिवंत राहतात, आणि कुठेतरी अडकली की खालून मुळं फुटून हळूहळू उभी होतात. याची आई त्या फोटोत नाहीच, पलीकडच्या वळणावर असेल नाहीतर दुसऱ्या काठाला.

आता कांदळातला कोणता, हे मी काल रात्री बसून काढलं. फोटोत दांडक्याला अगदी चिकटून माझी चप्पल आहे (चिखलात पाय फसला तेव्हा काढून ठेवली होती, ती अशी कामी येईल वाटलं नव्हतं). घरी मोजली तर २८ सेंटीमीटर. दांडक्याला वर दोन पानं फुटलीत, त्यामुळे टोकापर्यंत मोजायचं नाही, पानांच्या खाली जो कंगोरा दिसतो तिथपर्यंतच मूळ दांडकं, वरचं नवीन खोड. तेवढं भरतं साधारण दीड चप्पल म्हणजे ४२ सेंटीमीटर, शिवाय चिखलात गेलेलं वेगळं. एपिक्युलाटा जातीचं दांडकं बहुतेक ४० च्या आतच राहतं, म्युक्रोनाटाचं ६० च्या वरही जातं. झूम केल्यावर अंगावर मसासारखे फुगीर ठिपके पण दिसतात, आणि म्युक्रोनाटाचं दांडकं असंच खडबडीत असतं. कांदळाच्या भाऊबंदांपैकी सेरिऑप्सचं असतं तर बारीक आणि उभ्या धारा असलेलं दिसलं असतं, कांडेलियाचं गुळगुळीत. म्हणून मी म्युक्रोनाटा म्हणतो. चप्पल दोन हात मागे पडली असती तर मात्र हा सगळा हिशोब पाण्यात होता.

आता मुळं. इथे मी तुमचं ऐकणार नाही भाऊ.

तिवराची मुळं पेन्सिलीसारखी हे खरंच आहे, बोटाएवढी जाड, बहुतेक फूटभराच्या आत, आणि खालपासून वरपर्यंत जाडी फारशी बदलत नाही. चिपीची मुळं शंकूसारखी, बुडाशी मनगटाएवढी होऊ शकतात आणि वर निमुळती, उंचही जास्त. पण दोन नंबरचा फोटो मी काढला तेव्हा पाणी अर्धवट उतरलं होतं. शंकूचं बूड पाण्यात आणि नुसतं टोक वर, मग ते पेन्सिलीसारखं नाही दिसणार तर कसं दिसणार! पाच नंबरचा फोटो तीन एक तासांनी, पूर्ण ओहोटीला, त्याच झाडाचा आहे. खोडाला जी एक आडवी चीर आहे ती दोन्हीत जुळवून बघा. पाच नंबरमध्ये तीच मुळं बुडाशी चांगली जाडजूड दिसतील. कोवळं मूळ चिपीचंही बारीकच असतं, त्यामुळे एकदोन बारीक मुळं बघून निकाल लावायचा नाही, त्या घोळक्यातलं सगळ्यात जाड मूळ शोधायचं. गाळ साचला असेल तर ओहोटीलाही बूड दिसत नाही, तेव्हा मुळांवर भरवसाच ठेवू नये.

पानांवरूनही बघितलं. बऱ्याच जणांना वाटतं गोल टोकाचं पान म्हणजे चिपी आणि टोकदार म्हणजे तिवर, पण तिवराची ऑफिसिनालिस म्हणून जात आहे तिचं पानही टोकाला गोलच असतं. पानाची पाठ बघावी लागते. तिवराची पाठ फिकट, मरिना जातीत तर जवळजवळ पांढुरकी, वारा आला की सगळं झाड रुपेरी होऊन जातं. चिपीचं पान दोन्हीकडून हिरवं, जाड, आणि देठ अगदी आखूड. मी वाऱ्यात उलटलेलीच पानं शोधली, तीन सापडली, तिन्ही पाठीकडून हिरवी. चमक मात्र उन्हाचीही असते, म्हणून सावलीतलं एक पान घेतलं, तेही हिरवंच.

आणि एवढं करूनही शंका राहिली असती, पण वरच्या डाव्या कोपऱ्यात एक फळ लटकतंय. ते मी पोस्ट टाकताना कापून टाकलं होतं, फोटो छान दिसावा म्हणून, काय अक्कल! आता पूर्ण फोटो टाकलाय. हिरवं, चपटं गोल, खाली शेपटीसारखा एक काटा आणि वर चांदणीसारखी टोपी, टोपीच्या पाकळ्या देठाकडे उलट्या वळलेल्या. तिवराचं फळ म्हणजे दाबलेला बदाम जणू, त्याला अशी चांदणी नसतेच. पाकळ्या मागे वळल्यात म्हणजे आल्बा, आपली पांढरी चिपी, २०२० मध्ये राज्याचा खारफुटी वृक्ष केला तीच.

पण तुम्हाला तिवर दिसलं ते उगाच नाही. फोटोच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मुळांची एक वेगळी गर्दी आहे, आमच्याकडे तूर कापल्यावर वावरात धसकटं ओळीनं उभी राहतात ना, अगदी तशी. पाच नंबरमध्येही ती बारीकच्या बारीकच आहेत, बुडाशी जाड होत नाहीत. ती ओळ चिपीच्या खोडाकडे वळत नाही, सरळ चौकटीच्या बाहेर जाते. चिखलाखालून आडवं मूळ धावतं आणि त्यातून ही वर निघतात, म्हणून ओळ जिकडे जाते तिकडे झाड. म्हणजे तिथे बाहेर तिवर उभं आहे आणि त्याची मुळं चिपीच्या खाली घुसलीत. मी सगळी मुळं एकाच झाडाच्या नावावर लिहिली, तुम्ही पण तेच केलं, फक्त नाव दुसरं घेतलं.

कॅप्शन बदललंय: खोड, पानं, फळ आणि डावीकडची जाड मुळं पांढरी चिपी, उजवीकडची बारीक मुळं तिवर, दांडकं कांदळ. तिवर मरिना की ऑफिसिनालिस ते लिहिलं नाही कारण त्याचं एकही पान माझ्याकडे नाही. तुम्ही तिकडचेच दिसता, कधी ओहोटीला त्या बाजूला गेलात तर उजवीकडच्या झाडाचं एक पान उलटं करून फोटो काढाल का? सावलीत धरून काढा, आणि पानाचं टोक पण येऊ द्या.